हेप झालेल्या भावाला परत लेहला न्यायचं का?

डॉक्टर काका, नमस्कार. मी अमळनेरची. जूनमध्ये आम्ही घरचे-दारचे मिळून अकरा जण लेहला चाललोय, दिल्लीहून विमानाने. पहिला दिवस आराम, दुसऱ्या दिवशी खारदुंगला करून नुब्राला मुक्काम, तिसऱ्या दिवशी तिकडूनच पँगाँगला मुक्काम, चौथ्या दिवशी परत लेह. माझा लहान भाऊ (वय ३६) दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गेला होता तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याला खोकला आणि दम लागून ॲडमिट करावं लागलं, कागदावर ‘हेप’ लिहिलंय. तो म्हणतो या वेळी डायमॉक्स खाऊन येतो, काही होत नाही. मेडिकलवाला पण तेच म्हणतो. कापराच्या पुड्या आणि ऑक्सिजनचे डबे घेऊन ठेवलेत. त्याला न्यावं का? आणि तिथे रात्री-बेरात्री काही झालंच तर नेमकं काय करायचं?
– एक काळजीत पडलेली बहीण

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. हेप म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरणं. भाऊ येऊ शकतो, पण या प्लॅनने नाही आणि डायमॉक्सच्या जोरावर तर अजिबात नाही. आणि त्याला घरी ठेवलं तरी तिसऱ्या रात्रीचा पँगाँग मुक्काम बाकीच्या दहा जणांसाठीही चुकीचाच आहे. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, जवळजवळ हाच प्लॅन घेऊन मी स्वतः गेलोय आणि डॉक्टर असून हात पोळून आलोय.

आम्ही नऊ जण होतो, जळगाव-चोपड्याकडचे. त्यात एक केळीवाला मित्र, वय ४२, केळीचा घड खांद्यावर टाकून बांधावरून तरातरा चालणारा गडी, आमच्यात सगळ्यात दणकट. घरून निघालो तेव्हा पारा ४४ वर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेहच्या विमानतळावर उतरलो तर कानटोपी शोधायची वेळ. जळगाव साधारण २०० मीटर उंचीवर, लेह ३५०० मीटर. आपल्या खान्देशातलं थंड हवेचं ठिकाण म्हणजे तोरणमाळ, ते ११५० च्या आसपास. म्हणजे एका सकाळीत आम्ही तीन तोरणमाळ एकावर एक रचून त्याच्या डोक्यावर जाऊन बसलो होतो, तेही खुर्चीत बसल्या बसल्या, आणि शरीराला याचा पत्ताच नव्हता.

पहिल्या दिवशी आम्हा चार-पाच जणांचं डोकं दुखलं, जेवण गेलं नाही, मळमळलं. ह्याला एएमएस म्हणतात, उंचीचा साधा त्रास. त्या मित्राला मात्र काहीच नाही. "माले काही नई व्हयनं भो" म्हणत तो आमचीच मजा घेत होता. दुसऱ्या दिवशी खारदुंगला, फोटो, मग खाली नुब्रात हुंडरला मुक्काम, ते लेहपेक्षा खाली म्हणजे ३१०० च्या आसपास, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं आणि तिथेच आम्ही फसलो. तिसऱ्या दिवशी श्योक नदीच्या रस्त्याने थेट पँगाँग, ४२५० च्या वर. हिशोब करा, कालची झोप ३१०० वर, आजची ४२५० वर, एका दिवसात साडेअकराशे मीटर. नियम असा आहे की ३००० च्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत फार तर ५०० मीटरने वाढवायची आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा किती उंच जाऊन आलात त्यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे जास्त महत्त्वाचं.

त्या संध्याकाळी तंबूपासून जेवणाच्या हॉलपर्यंत साठ-सत्तर पावलं होती. मित्र मध्येच खाली बसला आणि बुटाची लेस बांधायला लागला. परत पंधरा-वीस पावलं चालला, परत लेस. मी मागून बघत होतो. लेस सुटलेली नव्हती ताई, हे मला दिसलं होतं पण डोक्यात शिरलं नाही, कारण घडवाल्या गड्याला दम लागेल हेच मनाला पटत नव्हतं. जेवताना कोरडा खोकला. सगळे म्हणाले धूळ आहे, थंडी आहे. मी कपाळाला हात लावला, थर्मामीटर लावला, १००.४. म्हटलं छातीत इन्फेक्शन झालंय, अँटिबायोटिक दिली, खोकल्याचं औषध दिलं आणि म्हणालो सकाळी बघू.

ही माझी चूक. आणि तुमच्या भावाच्या केसमध्येही पहिले काही तास हेच झालं असणार, कारण हेप येतो तोच मुळी छातीच्या इन्फेक्शनचे कपडे घालून. कोरडा खोकला असतो, बारीक ताप असतो (१०१ पर्यंत सहज जातो), आणि डोकं दुखायलाच पाहिजे असं काही नाही. ‘डोकं दुखत नाही म्हणजे उंची लागली नाही’ हा गैरसमज फार महागात पडतो. हेपची पहिली खूण खोकला पण नाही, पहिली खूण म्हणजे काल चालत होता तेवढं आज चालवत नाही आणि बसून राहिला तरी दम लवकर खाली येत नाही. बरोबरच्यांशी तुलना करायची. सगळे दमलेत तर उंची, एकटाच मागे पडतोय आणि बसल्यावरही धापा टाकतोय तर हेप समजायचं आणि नसल्याचं सिद्ध होईपर्यंत हेपच समजायचं. साधारण वर गेल्यापासून दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तो येतो आणि बहुतेक वेळा रात्री बळावतो.

रात्री दोनला त्याच्या तंबूतल्या सोबत्याने मला उठवलं. मित्र दोन गाद्यांना टेकून बसला होता, आडवा झाला की घुसमटत होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला. आधी हात माझ्या जॅकेटमध्ये घालून गरम केला, कारण गार बोटावर किंवा मेंदी-नेलपॉलिश लावलेल्या नखावर तो काहीही आकडे दाखवतो. माझं ८३, सोबत्याचं ८१, त्याचं ६१. त्या उंचीला ८०-८५ ला घाबरायचं कारण नसतं, घाबरायचं ते या २० च्या फरकाला. नाडी १२४, मिनिटाला ३४ श्वास, ओठ जांभळट. उजव्या काखेखाली स्टेथो ठेवला तर कानाजवळ केस बोटांत चोळल्यावर जसा कुरकुर आवाज येतो तसा आवाज, आणि हेपमध्ये तो बऱ्याचदा उजव्या बाजूलाच आधी सापडतो. थोड्या वेळाने तो खोकला आणि टिश्यूवर बॅटरी मारली तर गुलाबी फेस. तिथे माझी झोप उडाली, पण पाच तास तर गेलेच होते.

आता हे होतं कसं ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. बागेत ठिबक आहे, मोटार जोरात चालू आहे आणि कोणीतरी अर्ध्या लॅटरलचे कॉक बंद केले. मग पाणी जातं कुठे? उरलेल्या नळ्यांत. त्या फुगतात, जोडावरून गळायला लागतात, ती जागा चिखल होते. फुप्फुसाची सवय अशी की जिथे ऑक्सिजन कमी तिथल्या रक्तवाहिन्या ते आवळून घेतं. खाली घरी ही सवय चांगली असते, एखाद्या भागात न्यूमोनिया झाला तर रक्त दुसरीकडे वळतं. पण ४००० मीटरवर ऑक्सिजन सगळीकडेच कमी, त्यामुळे सगळीकडे कॉक आवळले जातात आणि तेही एकसारखे नाही, काही जास्त काही कमी. जे उघडे राहतात त्यांच्यात प्रेशर चढतं, केशवाहिन्या गळतात आणि हवेच्या पिशव्यांमध्ये पाणी भरतं. हृदय इथे ठणठणीत असतं. काही लोकांचे कॉक जन्मतःच जास्त जोरात आवळतात, तुमचा भाऊ त्यातला आहे, त्यात त्याचा दोष नाही आणि व्यायामाने ते बदलत नाही. माझा मित्र दणकट असण्याचा फायदा तर झालाच नाही, उलट तोटा झाला, कारण तो सगळ्यात जास्त हिंडला आणि श्रम म्हणजे मोटारीचा स्पीड वाढवणं. थंडीही प्रेशर वाढवते.

हे चित्र डोक्यात ठेवलं की औषधांचा सगळा गोंधळ सुटतो. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, ती कॉकला हात लावत नाही. ती रक्त थोडं आम्लधर्मी करते, त्यामुळे माणूस आपोआप जोरात श्वास घेतो, रात्री ऑक्सिजन फार खाली जात नाही आणि शरीर लवकर सरावतं. म्हणून ती एएमएससाठी उत्तम. मोठ्यांना १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, म्हणजे बाजारात मिळणारी २५० ची गोळी अर्धी, लेहला उडायच्या आदल्या दिवसापासून सुरू आणि सगळ्यात उंच मुक्कामाला पोचल्यावर आणखी दोन दिवस. बोटांना मुंग्या येतील, लघवीला सारखं जावं लागेल, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागेल, त्याला घाबरू नका. सल्फाची जोरदार ॲलर्जी असलेल्यांनी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. तुम्ही दहाही जण घ्या, माझी हरकत नाही. पण हेप झालेल्या माणसाला वाचवायला किंवा परत होऊ नये म्हणून एकट्या डायमॉक्सवर भिस्त ठेवणं म्हणजे कॉक बंद असताना मोटारीला तेल घालत बसणं.

कॉक उघडणारं औषध म्हणजे निफेडिपिन, ब्लडप्रेशरची जुनी गोळी. १९९१ साली याचा एक छान प्रयोग छापून आला. आल्प्समध्ये मॉन्टे रोजावर ४५५९ मीटरला एक झोपडीवजा मुक्काम आहे, तिथे आधी हेप झालेल्या २१ लोकांना एका दिवसाच्या आत वर नेलं. नुसती खोटी गोळी घेतलेल्या ११ पैकी ७ जणांना परत हेप झाला, निफेडिपिन घेतलेल्या १० पैकी एकालाच झाला. हे दोन आकडे भावाला वाचून दाखवा. पहिला आकडा ‘काही होत नाही’ चं उत्तर आहे आणि दुसरा आकडा ‘मग जाऊच नको का’ चं.

त्याच्यासाठी डोस असा असतो: निफेडिपिन लांब पल्ल्याची गोळी ३० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, वर जायच्या आदल्या दिवसापासून ते उंच मुक्कामाचे पहिले चार दिवस, आणि वर जायची घाई केली असेल तर सातपर्यंत, किंवा मग खाली उतरायला लागेपर्यंत. पण ही गोळी मेडिकलवाल्याकडून उचलायची नाही, तुमच्या फिजिशियनकडे जा, त्याचं बीपी बघू द्या, आणि पहिल्या एक-दोन गोळ्या अमळनेरलाच घेऊन बीपी मोजा, कारण ती बीपी पाडते, चक्कर येते, पाय सुजतात आणि कधीकधी तिच्यानेच डोकं दुखतं, जे तिकडे उंचीवर गोंधळ घालतं. आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो. पूर्वी आपल्याकडे बीपी वाढलं की निफेडिपिनची मऊ कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची पद्धत होती, अजून काही घरांत ती आठवण आहे. ते करायचं नाही. बीपी एकदम धाडकन पडतं. पाकिटावर रिटार्ड किंवा एक्स्टेंडेड असं लिहिलेलीच घ्यायची, न चावता, न तोडता गिळायची.

निफेडिपिन चालत नसेल तर टाडालाफिल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं डॉक्टर देतात, ती पण फुप्फुसातल्या वाहिन्या सैल करते. दोन्ही एकदम नाही घ्यायच्या. आणि हार्टसाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने टाडालाफिलच्या वाटेला जायचंच नाही, जीव जाऊ शकतो.

भावाचा एक टुडी-इको करून घ्या, जाण्याआधी, जळगावला सहज होतो. हृदयात एखादं जन्मजात भोक किंवा फुप्फुसाचं प्रेशर आधीपासूनच जास्त असेल तर अशा माणसाला हेप लवकर होतो, आणि तसं निघालं तर मी त्याला गोळी घेऊनही पाठवणार नाही.

आता कापराबद्दल. कापूर हुंगून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन एका आकड्यानेही वाढत नाही. खिशात ठेवा, आरतीला उपयोगी पडेल. आणि ते ऑक्सिजनचे डबे, त्यांचा हिशोब मी अनुभवाने शिकलोय. एका डब्यात काही लिटरच गॅस असतो. हेपच्या माणसाला मिनिटाला चार-पाच लिटर लागतो. आमच्याकडे सहा डबे होते, सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांत संपले आणि आकडा ६१ वरून ७० ला जाऊन परत खाली आला. बी टाइप सिलिंडर म्हणजे तो साधारण दहा लिटरचा लोखंडी, त्यात पूर्ण भरल्यावर १५०० लिटर गॅस बसतो, मिनिटाला ४ लिटरने सहा तास. डब्यांचे पैसे वाचवा आणि एका गाडीत मास्क-रेग्युलेटरसकट तो सिलिंडर भाड्याने ठेवायला सांगा, आणि निघताना रेग्युलेटर उघडून काटा स्वतः बघा, फक्त सिलिंडर दिसला म्हणजे भरलेला आहे असं नसतं.

शेजारच्या कॅम्पवरून असा सिलिंडर मिळायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. मास्क लावला आणि दहा-पंधरा मिनिटांत ६१ चे ८४ झाले, तो डोळे उघडून बोलायला लागला. ही पण एक खूण लक्षात ठेवा, न्यूमोनिया ऑक्सिजनला इतक्या चटकन दाद देत नाही, हेप देतो, कारण ऑक्सिजन हेच कॉक उघडणारं सगळ्यात चांगलं औषध आहे. माझ्या पिशवीत डायमॉक्सच्या दोन पट्ट्या होत्या. निफेडिपिनची एकही गोळी नव्हती.

आमच्यातल्या एकाने विचारलं की फुप्फुसात पाणी आहे तर लघवीची गोळी, लॅसिक्स, देऊन टाका ना. हा प्रश्न भाबडा नाहीये. १९६२ च्या युद्धाच्या काळात आपले जवान मैदानातून एकदम वर गेले तेव्हा आपल्या लष्करी डॉक्टरांनी उंचीच्या आजारांचा जगात गाजलेला अभ्यास केला, डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये १९२५ जवानांची माहिती छापली, आणि त्या काळी लॅसिक्स दिलं जायचं. आज ते देत नाहीत. हेपचं पाणी हार्टफेलसारखं अंगात साठलेलं जादाचं पाणी नाही, गळून चुकीच्या जागी गेलेलं आहे, आणि असा माणूस आधीच कोरडा पडलेला असतो, लॅसिक्सने बीपी पाडून बसाल. त्याच जवानांच्या अनुभवातून आलेली लष्कराची शिस्त मात्र बघण्यासारखी आहे, ९००० ते १२००० फुटांच्या पट्ट्यात, म्हणजे लेहच्याच उंचीवर, पहिले सहा दिवस सरावाचे, पहिले दोन तर नुसते आरामाचे. आपण तरण्या जवानापेक्षा तगडे असल्यासारखे दुसऱ्याच दिवशी खारदुंगला चढतो.

आता रात्रीचा प्रश्न. सगळीकडे लिहिलेलं असतं ‘लगेच खाली उतरा’, किमान १००० मीटर. बरोबरच आहे, पण लडाखमध्ये खाली म्हणजे कुठे हे कोणी सांगत नाही, आणि मला त्या रात्री तोच प्रश्न पडला. पँगाँगहून लेहला यायचं तर मध्ये चांग-ला नावाचा घाट, ५३०० मीटरच्या वर. म्हणजे खाली जाण्यासाठी आधी हजार मीटर वर. नुब्राहून लेहला यायचं तरी मध्ये खारदुंगला, तोही तेवढाच. बिना ऑक्सिजन अशा माणसाला घाटावर नेणं म्हणजे गळक्या नळीवर मोटार फुल करणं.

म्हणून क्रम असा. माणसाला चालवायचं नाही, उचलून गाडीत, टेकवून बसवायचं, आडवं करायचं नाही, गरम पांघरायचं. ऑक्सिजन लावायचा, आकडा ९० च्या वर जाईल एवढा सोडायचा. आम्हाला पहिल्यांदा ९० जमलं नाही, ८४-८६ वर राहिलो, तरी फरक पडतो. निफेडिपिन असेल आणि बीपी पडलेलं नसेल तर ३० ची लांब पल्ल्याची गोळी, दर १२ तासांनी, पण ती ऑक्सिजन आणि उतरण्याच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला. पँगाँगहून आधी टांगसे गाठायचं, ते थोडंसंच खाली आहे पण तिथे सरकारी दवाखाना आहे, ऑक्सिजन आहे. तिथून सिलिंडर चालू ठेवून चांग-ला ओलांडायचा, वर चहाला थांबायचं नाही, फोटो नाही, घाटाची ती थोडी मिनिटं ऑक्सिजनवर निभावतात आणि त्यानंतर सगळा उतार आहे. नुब्रात असाल तर घाट ओलांडायची घाई करू नका, दिस्कितला हॉस्पिटल आहे, ऑक्सिजन लावून तिथेच थांबा आणि पुढचं तिथले डॉक्टर ठरवतील. त्यांनी आपल्यापेक्षा शंभरपट हेप बघितलेत, तिथे तुमच्या ओळखीतल्या इकडच्या डॉक्टरला फोन लावून वाद घालू नका, मी सुद्धा त्यात आलो.

आणि लेहमध्येच झालं तर? लेहहून रस्त्याने चटकन खाली जाता येत नाही, श्रीनगरच्या बाजूलाही ४१०० चा फोटूला आडवा येतो. पण लेहला हॉस्पिटल आहे, भरपूर ऑक्सिजन आहे, तिथे झोपून ऑक्सिजनवर आकडा ९० च्या वर राहत असेल तर हेप तिथेच बरा होतो, नाहीतर विमानाने दिल्ली. माझा मित्र दोन रात्री तिथे होता. पहिल्या एक्सरेत उजवीकडे कापसाचे पुंजके पसरल्यासारखं दिसत होतं (केळीवाला असला तरी कापूस त्याला ओळखता आला, त्यानेच बोट ठेवून दाखवला), तिसऱ्या दिवशी निम्मा साफ, चोपड्याला येऊन आठवड्याने काढला तर स्वच्छ.

दुसरा एक आजार आहे, मेंदूला सूज येण्याचा, तो दुर्मिळ पण तेवढाच जीवघेणा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, खूप झोपाळला, किंवा एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकताना दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला तर डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम लगेच, मग दर सहा तासांनी ४, ऑक्सिजन, आणि त्याच रात्री खाली. हा आणि हेप एकत्र पण येतात. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिल्या दोन-तीन रात्री कोणीच नाही घ्यायची, श्वास मंदावतो आणि सकाळी माणूस उठला नाही तर तो झोपलाय की बेशुद्ध हे कळत नाही.

आता तुमचा प्लॅन मी असा बदलला असता. बाकीचे तुम्ही विमानाने चाला, पण लेहला तीन रात्री, पहिले दोन दिवस हॉटेलच्या पायऱ्या आणि अंगण एवढंच. मग नुब्रा दोन रात्री. मग परत लेह, आणि पँगाँग दिवसाचं करून संध्याकाळी लेह. झोप पँगाँगला घेऊच नका, तळं दुपारी जास्त निळं दिसतं हे एक बरं आहे. भाऊ मात्र थेट लेहच्या विमानाने नको. तो आणि सोबतीला एखादा दाजी किंवा काका श्रीनगरला उतरू द्या, १६०० मीटर, दुसऱ्या दिवशी कारगिल, २७०० च्या आत, तिथे दोन रात्री, मग अल्ची ३१०० ला एक-दोन रात्री, मग लेह ३५००. कारगिलनंतरची प्रत्येक झोप आधीच्यापेक्षा थोडीशीच वर. वाटेत झोजिला आणि फोटूला लागतात पण तिथे झोपायचं नाहीये. निफेडिपिन चालू, ऑक्सिमीटर खिशात, सकाळ-संध्याकाळ त्याचा आणि सोबत्याचा आकडा वहीत. पँगाँगला तो दिवसाही नाही गेला तर बरं, नुब्राला जाईल तर घाटावर गाडीतून उतरायचं नाही.

आणि लेहला पोचल्यावर त्याला दम लागला, खोकला सुरू झाला, तर ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द कोणी उच्चारायचे नाहीत. तो लेस बांधायला खाली बसला तर वाकून बघा, लेस खरंच सुटलीये का.